पाचव्या अक्षरापाशी

कुंडलमधल्या एका शाळेत नववीच्या वर्गाला मी अनुष्टुभ शिकवत होतो. लक्षण सांगून झाले, फळ्यावर आठ चौकोन काढून झाले आणि मग गृहपाठ दिला: आपल्या गावातली रोज दिसणारी एक गोष्ट घ्या आणि मराठीत एक श्लोक लिहून आणा. चार चरण, प्रत्येकात आठ अक्षरे, एकूण बत्तीस. यमक नको, देव नको, निसर्गवर्णन तर मुळीच नको. दुसऱ्या दिवशी चाळीस वह्या टेबलावर आल्या. त्यातल्या एका वहीतल्या श्लोकाचे हे रसग्रहण आहे. तो श्लोक नेमका कशाने झाला हे दाखवायचे, तर तो आधी काय होता तेही दाखवावे लागेल.

तिसऱ्या बाकावरच्या मुलीने लिहून आणले होते:

आई चूल पेटवते नंतर भोंगा वाजतो
घड्याळ बघत नाही तिला तिची वेळ कळे

मोजून पाहा. आई-चूल-पेटवते, आठ. नंतर-भोंगा-वाजतो, आठ. घड्याळ-बघत-नाही, आठ. तिला-तिची-वेळ-कळे, आठ. बत्तीस अक्षरे चोख भरली आहेत. प्रत्येक चरणाखाली तिने पेन्सिलीने आठचा आकडा घातला होता आणि शेवटी बेरीजही मांडली होती. आशय तर असा की वाचताच मी थांबलो. पण हा अनुष्टुभ नव्हता. चारपैकी एकही चरण बसत नव्हता.

तिला हे सांगितल्यावर तिने अगदी रास्त प्रश्न विचारला. "सर, आठच म्हणाला होता ना?"

म्हणालो होतो. तिथेच माझी चूक झाली होती. मराठी पोराला आठ अक्षरे मोजायला शिकवावे लागत नाही, ती त्याच्या कानात आधीपासून असतात. लहान अभंग आठ-आठ अक्षरांवरच चालतो. घरी हरिपाठ होत असेल, दिंडी दारावरून जात असेल, तर ती मोजणी टाळांबरोबर अंगात उतरलेली असते. अभंगाला अक्षरांची संख्या लागते, त्यांचे वजन लागत नाही. म्हणणारा प्रत्येक अक्षर हवे तेवढे ताणतो आणि ऱ्हस्वदीर्घाचा हिशेब चालीत विरघळून जातो. त्या मुलीच्या पहिल्या दोन चरणांना टाळ लावून पाहा, सुरेख चालतात. म्हणजे तिने लिहिले ते बेहिशेबी नव्हते. फक्त ते दुसऱ्या घरचे होते.

अनुष्टुभाच्या घरात शिरायचे ते पाचव्या अक्षराच्या दारातून. पहिली चार अक्षरे बरीचशी मोकळी असतात. पाचवे चारही चरणांत लघू. सहावे चारही चरणांत गुरू. सातवे मात्र पहिल्या आणि तिसऱ्या चरणात गुरू, दुसऱ्या आणि चौथ्या चरणात लघू. आठवे कसेही चालते. कालिदासाच्या नावावर चालणाऱ्या 'श्रुतबोध' या छोट्या पुस्तकात हे लक्षण ज्या श्लोकात दिले आहे, तो स्वतःच अनुष्टुभात आहे. नियम सांगता सांगता तो पाळलाही आहे. जुन्या पंतोजींना हे पुस्तक प्रिय होते ते यामुळेच. लक्षण पाठ केले की उदाहरणही पाठ झाले, एका दगडात काम.

लघू आणि गुरू म्हणजे काय ते वर्गात सांगायला पाच मिनिटे पुरतात. अ, इ, उ, ऋ हे स्वर असलेले अक्षर लघू. आ, ई, ऊ, ए, ऐ, ओ, औ असलेले गुरू. अनुस्वार किंवा विसर्ग असेल तर गुरू, आणि पुढे जोडाक्षर येऊन आघात बसला तरी गुरू. या शेवटच्या कलमात मराठीचे एक भांडण दडलेले आहे, त्याच्याकडे नंतर येतो.

आता तिच्या ओळी या चाळणीतून काढू. 'आई चूल पेटवते' यात पाचवे अक्षर 'पे'. गुरू आहे, तिथे लघू हवा होता. सहावे 'ट'. लघू आहे, तिथे गुरू हवा होता. सातवे 'व', तेही लघू, आणि पहिल्या चरणात सातवे गुरू लागते. तिन्ही घरांत उलटे पाहुणे बसले आहेत. 'नंतर भोंगा वाजतो' यात सहावे-सातवे जागेवर आहेत, पण पाचवे 'गा' गुरू आहे. शिवाय दुसरे आणि तिसरे, म्हणजे 'त' आणि 'र', दोन्ही लागोपाठ लघू. पहिली चार अक्षरे मोकळी असतात असे मी म्हणालो खरा, पण दुसरे-तिसरे दोन्ही लघू ठेवू नयेत एवढी एक अट तिथेही आहे. 'घड्याळ बघत नाही' सहाव्या 'त'वर कोसळते. 'तिला तिची वेळ कळे' पाचव्या-सहाव्यावर.

कोसळणे कानालाही कळते, त्यासाठी खुणा मांडायची गरज नाही. मी वर्गाला एक युक्ती सांगतो. चरण मोठ्याने म्हणा आणि पाचव्या अक्षरावर बाकावर हलकी टिचकी मारा, सहाव्यावर थाप. टिचकीच्या जागी जीभ रेंगाळली किंवा थापेच्या जागी घसरली, की बिघाड तिथे आहे. घरी रामरक्षा ऐकलेल्या पोरांना हे लवकर जमते. तिच्या विनियोगातच छंदाचे नाव सांगितलेले असते आणि बहुतेक श्लोक याच वृत्तात आहेत, पण रोज म्हणणाऱ्यांनाही ते नाव म्हणजे मंत्राचाच एक तुकडा वाटते.

मुलीने वही परत नेली. मी तिला एवढेच म्हणालो, की नवे शब्द शोधू नकोस, आहेत तेच हलवून बघ. मधल्या सुट्टीत ती आली. पहिली ओळ अशी झाली होती:

चूल पेटवते आई भोंगा नंतर वाजतो

एकही शब्द बदललेला नाही. फक्त जागा बदलल्या. चू, ल, पे, ट, मग पाचवे 'व' लघू, सहावे 'ते' गुरू, सातवे 'आ' गुरू. दुसऱ्या चरणात भों, गा, नं, त, मग पाचवे 'र' लघू, सहावे 'वा' गुरू, सातवे 'ज' लघू. चोख बसले. मराठीत कर्ता, कर्म, क्रियापद यांची नेहमीची रांग मोडली तरी अर्थ मोडत नाही आणि या वृत्ताला नेमकी तीच सवलत लागते.

पण रसग्रहणाचा मुद्दा पुढेच आहे. रांग मोडल्यावर ओळ नुसती शुद्ध झाली नाही, तिचा अर्थ हलला. 'आई चूल पेटवते' हे पाठ्यपुस्तकातले वाक्य आहे. कमल नमन कर, आई चूल पेटवते. 'चूल पेटवते आई' म्हटल्यावर आधी अंधारात चूल दिसते, मग हात, आणि शेवटी आई. ज्या क्रमाने झोपेतून जागे होणाऱ्या मुलाला हे दिसत असेल, त्याच क्रमाने ते ओळीत येते. उजेड चुलीचा आहे, म्हणून चूल आधी. आई त्या उजेडात दिसते, म्हणून ती शेवटी. आणि शेवटची तीन अक्षरे, 'ते आई', तिन्ही दीर्घ. विषम चरणाचा शेवट असाच असतो, लघूनंतर गुरू-गुरू, आवाज वर जाऊन उघडा राहतो, काहीतरी पुढे यायचे आहे असे सांगत. चरण आईवर उघडा राहतो.

मग सम चरण येतो आणि दार लोटून घेतो. 'वाजतो' यातला मधला 'ज' लघू आहे, त्याने ओळ पायरी उतरल्यासारखी खाली येते. अनुष्टुभाची सगळी गंमत या सातव्या अक्षराच्या अदलाबदलीत आहे. विषम चरणात गुरू, सम चरणात लघू. एक चरण विचारतो, दुसरा उत्तर देतो. चारही चरणांत सातवे गुरू ठेवले असते तर श्लोक प्रश्नच विचारत राहिला असता. म्हणून सम चरणाच्या बाबतीत हे वृत्त फार कडक आहे. वाल्मीकी, व्यास, कालिदास सगळ्यांनी पहिल्या-तिसऱ्या चरणात पाचव्या ते सातव्या अक्षरांची ठरलेली मांडणी पुष्कळदा मोडली आहे आणि शास्त्रकारांनी त्या मोडणीला 'विपुला' असे नाव देऊन मान्यताही दिली आहे. दुसऱ्या-चौथ्यात मात्र ती मोकळीक नाही. जाताना हवे तसे जा, पण घरी येताना वाट ठरलेली.

'भोंगा नंतर वाजतो' हा माझ्या मते त्या श्लोकातला सर्वांत चांगला चरण. आधी तो 'नंतर'ने सुरू होत होता. आधी हे, नंतर ते, अशी हकीकत सांगितल्यासारखा. आता 'भोंगा' पुढे आला आणि 'नंतर' मध्ये जाऊन बसले. त्यामुळे 'नंतर' या साध्या क्रियाविशेषणावर सगळा भार आला. भोंगा हा या भागात वेळेचा मालक आहे. किर्लोस्करवाडीचा कारखाना 1910 साली उभा राहिला तो कुंडलच्याच माळावर. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी लक्ष्मणराव किर्लोस्करांना बत्तीस एकर निवडुंगाचे रान दिले आणि शेजारच्या स्टेशनचे नाव तेव्हा कुंडल रोड होते. (बत्तीस हा आकडा पाहून वर्गातला एक जण म्हणाला, "सर, कारखानापण अनुष्टुभातच हाय की." त्याला मी बसवले, पण विनोद वाईट नव्हता.) पुढे साखर कारखाना आला, पाळ्या आल्या. कुंडलसारख्या गावात भोंगा झाला म्हणजे दिवस झाला. त्या भोंग्याला ही मुलगी शांतपणे म्हणते, तू नंतर. कसलाही आवेश नाही, आईचे गोडवे नाहीत, कष्ट हा शब्दसुद्धा नाही. फक्त क्रम सांगितला आहे.

दुसऱ्या ओळीला तिला वेळ लागला. 'तिला तिची वेळ कळे' हे तिने लगेच हलवले: 'तिची वेळ तिला कळे'. पाचवे 'ति' लघू, सहावे 'ला' गुरू, सातवे 'क' लघू. जमले. अडले ते 'घड्याळ बघत नाही'पाशी, कारण तिथे नुसते हलवून भागत नव्हते. 'बघत घड्याळ नाही' करून पाहिले, पाचवे 'ड्या' आले. 'नाही बघत घड्याळ' केले, पाचवे 'त' लघू आले, पण सहाव्या जागी 'घ' येऊन बसला.

इथे मराठीत पद्य लिहिणाऱ्या प्रत्येकाला भेटणारी अडचण आहे. 'बघत' कागदावर तीन अक्षरे आहेत, तोंडात दोनच. आपण 'बघत्' म्हणतो, शेवटचा अ गिळतो. 'घड्याळ' कागदावर तीन, तोंडात दोन. म्हणजे 'घड्याळ बघत नाही' हा चरण कागदावर आठ अक्षरांचा आणि बोलताना सहाचा. वृत्त कागदाच्या बाजूने असते. तिथे 'बघत' पुरे तीन अक्षरांचे म्हणायचे, अंत्य अ उच्चारून. पहिली शुद्ध ओळ पुन्हा म्हणून पाहा: 'चूल' मधला ल आणि 'नंतर' मधला र गिळला तर चरण सात अक्षरांचा होईल. म्हणून वृत्तात लिहिलेले मराठी नेहमीच्या बोलण्यापेक्षा किंचित सावकाश चालते. ज्या शब्दांत गिळलेले अ फार, ते शब्द वृत्तात पोकळ वाटतात. 'बघत' तसा आहे, तीन लघू एका रांगेत, त्यातला शेवटचा अर्धवट मेलेला.

दोन दिवसांनी तिने जे आणले ते असे:

चूल पेटवते आई भोंगा नंतर वाजतो ।
घड्याळाला विचारेना तिची वेळ तिला कळे ॥

घ, ड्या, ळा, ला, मग पाचवे 'वि' लघू, सहावे 'चा' गुरू, सातवे 'रे' गुरू, आठवे 'ना'. वृत्ताने 'बघत' बाहेर काढले आणि तिच्या हाती 'विचारेना' दिले. घड्याळ बघणे ही नुसती क्रिया आहे. घड्याळाला विचारणे यात घड्याळ कोणीतरी मोठे होते, परवानगी देणारे. आणि 'विचारेना' हे 'विचारत नाही' नव्हे. पोर जेवेना, बैल हलेना, तसे हे 'ना'. त्यात थोडा हट्ट असतो. पहिल्या खर्ड्यात आईला घड्याळाची गरज नव्हती, आता ती त्याला भीक घालत नाही. हा अर्थ मुलीच्या डोक्यात आधी होता का, मी विचारले. "नव्हता," ती म्हणाली. "बसवताना सापडला." वृत्त शिकवण्याचे माझ्याकडे एवढे एकच कारण आहे.

तिसऱ्या चरणात आणखी एक गोष्ट घडते, ती बहुधा तिच्याही नकळत. 'विचारेना' याचा कर्ता ओळीत नाही, आणि या रूपावरून स्त्री की पुरुष तेही कळत नाही. लगतच्या मागच्या चरणात कर्ता आहे भोंगा. त्यामुळे क्षणभर वाटते, की घड्याळाला विचारत नाही तो भोंगाच. पण भोंगा तर घड्याळाचाच चाकर. ठरल्या मिनिटाला वाजण्यापलीकडे त्याला काम नाही. वाचणारा गोंधळतो, आणि चौथ्या चरणाचे पहिलेच अक्षर 'ति' येऊन गोंधळ सोडवते. तिची. दोन चरणांपूर्वी चुलीपाशी सोडलेली आई परत येते. व्याकरणाचा शिक्षक याला संदिग्धता म्हणून लाल रेघ मारील. मी मारली नाही, कारण विषम चरणाचा शेवट उघडाच असतो हे आपण पाहिले आहे. 'विचारेना'चा शेवट अर्थानेही उघडा राहतो आणि सम चरण तो मिटवतो. छंद आणि आशय दोघे एकाच जागी श्वास घेतात.

दुसरी ओळ म्हणताना ळकडे लक्ष द्या. घड्याळाला, वेळ, कळे. घड्याळातला ळ वेळेत येतो आणि वेळेतला ळ कळण्यात. घड्याळाकडून वेळ काढून घेऊन ती आईच्या कळण्यात ठेवली, असे या एका अक्षराच्या प्रवासातून ऐकू येते. मी याला मुद्दाम साधलेला अनुप्रास म्हणणार नाही. मराठीत काळ-वेळ-घड्याळ ही सगळी मंडळी ळच्याच गावची आहेत. पण दुसरी ओळ त्यांच्याशिवाय लिहिली गेली असती तर तिचा आवाज वेगळा झाला असता.

वर्गातल्या बाकीच्या वह्यांतल्या दोनच सांगतो. एक इशाऱ्यासाठी, एक भांडणासाठी.

एका मुलाने गुऱ्हाळावर लिहिले: 'गुऱ्हाळात रसाचा हा वास येई बघा अहा'. तपासून पाहा, दोन्ही चरणांत पाचवे लघू, सहावे गुरू, सातवे जिथे जसे हवे तसे. निर्दोष आहे. आणि त्यात काहीही नाही. 'हा', 'बघा', 'अहा' ही तीन बुजगावणी आहेत, रिकाम्या जागा राखायला उभी केलेली. संस्कृतातही ही सोय होतीच, च, तु, हि, वै यांना पादपूरक म्हणत, आणि वाईट कवी त्यावर जगत. असे बुजगावणे ओळखण्याची रीत सोपी आहे. शब्द खोडा. अर्थाला धक्का लागला नाही, तर तो शब्द मोजणीसाठी आणला होता. तिसऱ्या बाकावरच्या श्लोकातला कोणताही शब्द खोडून बघा.

दुसरा मुलगा तालमीत जाणारा. कुंडलचे कुस्ती मैदान महाराष्ट्रभर प्रसिद्ध, त्यामुळे हा विषय येणारच होता. त्याची पहिली ओळ: 'मातीला लागते पाठ पैलवान पुन्हा उठे'. पहिला चरण निर्विवाद. दुसऱ्यात पाचवे अक्षर 'पु', आणि त्याच्यापुढे 'न्हा' हे जोडाक्षर. वर्गातल्या एका हुशार मुलीने हात वर केला: जोडाक्षराच्या आधीचे अक्षर गुरू, म्हणजे पाचवे गुरू, म्हणजे चरण चुकला.

संस्कृतच्या नियमाने ती बरोबर. पण 'पुन्हा' म्हणून पाहा. 'पुन्-न्हा' असे आपण म्हणतो का? पुढच्या जोडाक्षराचा आघात 'पु'वर बसतच नाही. न्ह, म्ह, ल्ह, ऱ्ह यांच्या आधी, आणि तुझ्या, माझ्या, गावच्या अशा रूपांतल्या य-जोडाक्षराच्या आधी, मराठी जीभ आघात देत नाही. मग ते अक्षर लघूच धरायचे. वर्गाला मी फळ्यावर एकच शब्द लिहून दिला: 'पुण्याला'. "दादा पुण्याला गेला" यात म्हणा, आणि "माणसाने पुण्याला जपावे" यात म्हणा. लिहिणे तेच. पहिल्यात 'पु' हलका, दुसऱ्यात 'पुण्-ण्याला' असा जड. म्हणून 'काल गेला पुण्याला तो' हा चरण शहराबद्दल असेल तर शुद्ध अनुष्टुभ, आणि पुण्याईबद्दल असेल तर पाचव्या अक्षरावर आपटतो. नियम पुस्तकातला आहे, पण निकाल कानाचा. तालमीतल्या मुलाचा चरण मी पास केला. हुशार मुलगी नाराज झाली, आणि तिचा दुसरा प्रश्न पहिल्याहून चांगला होता.

"मग सर, मारुतिस्तोत्र?"

समर्थांचे 'भीमरूपी' अनुष्टुभात आहे हे तिला ठाऊक होते. समर्थांच्या अकरा मारुतींपैकी बहे आणि शिराळ्याचे मारुती आमच्याच जिल्ह्यातले, शनिवारी घरोघर हे स्तोत्र म्हटले जाते. तिने पहिल्याच ओळीचा दुसरा चरण बोटांवर मोजला होता आणि नऊ अक्षरे भरली होती. मी पुन्हा मोजली. नऊच.

उत्तर म्हणण्यात आहे. त्या चरणातले 'हनुमान' कोणीही चार अक्षरांत म्हणत नाही. शेकडो वर्षे लोक 'हन्मान' म्हणत आले आहेत, 'नु' अर्धा होतो आणि चरण आठांवर येतो. आणि असा मिटवून म्हटला की पुढचे पाचवे लघू, सहावे गुरू, सातवे लघू अगदी नेमके पडते. जास्तीचे अक्षर आले आहे ते चरणाच्या पहिल्या मोकळ्या अर्ध्यात. दुसऱ्या अर्ध्याला धक्का नाही. उलट त्याच स्तोत्रात चरणाच्या शेवटाकडे मात्र 'सुता'चे 'सूता' करून घेतले आहे, कारण तिथे सातव्या जागी गुरूच लागत होता. लिहिणाऱ्याला कुठे सैल सोडायचे आणि कुठे आवळायचे हे नीट माहीत होते. वर्गाला मी सांगितले, की नऊ अक्षरे लिहायची असतील तर समर्थांसारखी लिहा, पाचव्याच्या अलीकडे. अर्थात त्यानंतर आठवडाभर कोणाचाही चरण आठात बसेना आणि प्रत्येकाकडे समर्थांचा दाखला होता.

कुंडलला संस्कृतची हवा नवी नाही. औंध संस्थानात कुंडल हा एक तालुका होता, आणि त्याच औंधात पंडित सातवळेकर 1948 पर्यंत राहून महाभारत छापत होते, घरबसल्या संस्कृत शिकवणारी पुस्तके काढत होते. महाभारताचा बहुतेक देह अनुष्टुभाचाच. आणि कुंडलच्या शाळेत काही काळ बसलेले ग. दि. माडगूळकर मराठी शब्दाची जागा हलवून अर्थ हलवणे म्हणजे काय, हे पुढे सगळ्या महाराष्ट्राला ऐकवून गेले. या दोन नावांचा त्या मुलीच्या श्लोकाशी तसा संबंध नाही. तिने त्यांच्याविषयी काही वाचलेले नव्हते. तिचा गुरू म्हणायचा तर फळ्यावरचे आठ चौकोन.

गुण द्यायची वेळ आली. श्लोकाला मी दहापैकी साडेआठ दिले. दीड गुण कापला तो शेवटच्या शब्दाचा. चूल, भोंगा, घड्याळ, वेळ, सगळे शब्द तिच्या घरातले आहेत. 'विचारेना' तर खास तिकडचेच. पण 'कळे' पुस्तकातले आहे. कुंडलात 'कळतंय' म्हणतात, 'कळती' म्हणतात, 'कळे' कोणी म्हणत नाही. सातव्या जागी लघू आणि आठव्यावर विसावा हवा म्हणून ते बाहेरून आणले आहे. सोळा अक्षरे तिने पुन्हा पुन्हा हलवून पाहिली, पण 'कळे'च्या जागी तिच्या घरचा शब्द काही बसला नाही. मीही दोन रात्री प्रयत्न केला. मलाही अजून सापडलेला नाही. तुम्हाला सापडला तर तिसऱ्या बाकावर कळवा.